नो-कॉस्ट ईएमआय: सवलतीतून वळतं झालेलं व्याज कसं ओळखायचं

पहिल्यांदा हप्त्यांवर मोबाइल, फ्रिज किंवा लॅपटॉप घ्यायला निघालेल्यांसाठी हा लेख आहे. दुकानात किंवा वेबसाइटवर ‘नो-कॉस्ट ईएमआय’ लिहिलेलं असतं. ३०,००० रुपयांची वस्तू, ५,००० रुपयांचे सहा हप्ते, बेरीज बरोबर ३०,०००. हिशोब तोंडी होतो, त्यामुळे त्यात व्याज नाही असंच कुणालाही वाटेल. पण कर्ज देणारी बँक किंवा फायनान्स कंपनी सहा महिने पैसे फुकट वापरू देत नाही. तिचं व्याज ती घेतेच. प्रश्न एवढाच असतो की ते कुणाच्या खिशातून जातं.

कधी ते वस्तू बनवणारी कंपनी देते, कधी विक्रेता आपल्या नफ्यातून देतो. तेव्हा योजना खरोखर चांगली असते. पण पुष्कळदा होतं ते वेगळंच. पूर्ण पैसे भरणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला मिळत नाही आणि त्याच रकमेतून व्याज भागवलं जातं. म्हणजे व्याज तुम्हीच भरता, फक्त त्याला व्याज म्हटलं जात नाही. हा प्रकार कागदावर सहसा दिसत नाही. म्हणून तो शोधायचा कसा, हे एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू.

आधी यंत्रणा समजून घ्या

समजा मोबाइलची किंमत ३०,००० आहे आणि तुमच्या क्रेडिट कार्डाचा ईएमआयचा दर वर्षाला १५ टक्के आहे. ५,००० रुपयांच्या सहा हप्त्यांत, १५ टक्क्यांनी, किती कर्ज फिटतं? उत्तर आहे साधारण २८,७३०. म्हणजे बँकेच्या दृष्टीने तुमचं कर्ज २८,७३० रुपयांचं आहे आणि त्यावर १,२७० रुपये व्याज आहे. दोन्ही मिळून ३०,०००.

पण मोबाइल तर ३०,०००चा होता. मधले १,२७० रुपये कुठे गेले? ते विक्रेत्याने ‘नो-कॉस्ट ईएमआय सवलत’ या नावाने किमतीतून वजा केले. तुमच्याकडून तेच १,२७० व्याज म्हणून बँकेने वसूल केले. एका हाताने दिलेली सूट दुसऱ्या हाताने परत गेली आणि तुम्ही ३०,०००वरच राहिलात.

इथपर्यंत तक्रार करण्यासारखं काही नाही. ३०,००० हाच सर्वांसाठीचा भाव असेल तर तुम्हाला खरंच व्याज पडलं नाही. खोट सुरू होते ती पुढच्या ओळीपासून. त्याच मोबाइलवर त्याच दिवशी, कार्डाने एकरकमी पैसे भरले तर १,५०० रुपये ‘इन्स्टंट डिस्काउंट’ असतं. एकरकमी भाव २८,५००. आणि नियमांत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही सूट नो-कॉस्ट ईएमआयसोबत मिळणार नाही.

आता शून्य व्याज कशाच्या तुलनेत? ३०,०००च्या तुलनेत. पण ३०,००० हा भाव पूर्ण पैसे भरणारा देतच नाही. या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट हीच आहे. छापील किमतीशी किंवा वेबसाइटवरच्या मोठ्या अक्षरातल्या किमतीशी तुलना केली की योजना नेहमी निर्दोष दिसते. तुलना करायची ती त्याच दिवशी, त्याच वस्तूसाठी, एकरकमी पैसे भरणाऱ्याला पडणाऱ्या शेवटच्या भावाशी.

पायरी १: एकरकमी भाव काढा, आणि तो आधी काढा

वेबसाइटवर असाल तर वस्तू कार्टमध्ये टाका आणि पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा. तिथे तुमचं कार्ड निवडा, पण ईएमआय नको, ‘फुल पेमेंट’ निवडा. कूपन असेल तर लावा. शेवटी जी रक्कम दिसेल ती कागदावर लिहा. पैसे भरू नका, मागे या. मग तेच कार्ड ठेवून नो-कॉस्ट ईएमआय निवडा. काही कूपनं आणि सवलती या क्षणी गळून पडतात. बहुतेक जण हे पाहत नाहीत, कारण तोवर लक्ष हप्त्याच्या आकड्यावर गेलेलं असतं.

यूपीआय, डेबिट कार्ड, दुसरं एखादं क्रेडिट कार्ड, हेही तपासून पाहा. एखाद्या बँकेच्या कार्डावर सूट आहे आणि तुमच्याकडे ते कार्ड नसेल, तर ती सूट तुमच्या हिशोबात धरू नका. जी सूट तुम्हाला मिळूच शकत नव्हती ती तुम्ही गमावली असं होत नाही.

दुकानात मात्र क्रम महत्त्वाचा आहे. आत शिरल्या शिरल्या ‘हप्त्यांवर घ्यायचाय’ असं सांगितलंत की पुढची सगळी बोलणी मासिक हप्त्यावर होतात आणि वस्तूचा भाव बाजूला पडतो. म्हणून आधी विचारा: “दादा, आत्ता सगळे पैसे दिले तर शेवटचा भाव काय लावाल?” भाव करायचा असेल तर तो इथेच करा. आकडा ठरला की मग विचारा, “याच भावाने हप्त्यांवर द्याल का?”

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. “हो, याच भावाने” असं आलं, तर व्याज दुकानदार किंवा कंपनी सोसते आहे. “नाही, फायनान्सवर भाव वेगळा पडेल” किंवा “फायनान्सवर डिस्काउंट बसत नाही” असं आलं, तर दोन भावांतला फरक हेच तुमचं व्याज आहे. दुकानदार इथे फसवतोच आहे असं समजू नका. फायनान्स कंपनी त्याच्या बिलातून व्याजापोटी काही टक्के कापून घेते आणि ते तो तुमच्या सुटीतून भरून काढतो. त्याच्या बाजूने ते स्वाभाविक आहे. तुम्हाला ते माहीत असणं हा तुमचा हक्क आहे.

पायरी २: मुदत बदलून सवलतीचा आकडा पाहा

ही सगळ्यांत सोपी खूण आहे आणि तिला गणितही लागत नाही. वेबसाइटवर ईएमआयचे पर्याय उघडले की ३, ६, ९ महिने अशी यादी येते. प्रत्येक ओळीवर दाबलं की तपशील उघडतो: मुद्दल, व्याज, सवलत. आपल्या ३०,०००च्या मोबाइलवर १५ टक्के दराने ते असे येतील: तीन महिन्यांना सवलत साधारण ७३५ रुपये, सहा महिन्यांना १,२७०, नऊ महिन्यांना १,७९२.

खरी सूट वस्तूवर असते. ती महिन्यांबरोबर वाढत नाही. महिन्यांबरोबर वाढतं ते व्याज. त्यामुळे मुदत बदलली की जी ‘सवलत’ बदलते, ती तुमची बचत म्हणून मोजू नका. पैसे भरण्याच्या पानावर कधीकधी हीच रक्कम ‘तुमची एकूण बचत’ या हिरव्या आकड्यात मिसळलेली असते. मग हप्तेवाल्याला १,२७० आणि एकरकमीवाल्याला १,५०० बचत दिसते आणि दोघांत फारसा फरक नाही असं वाटतं. खरं पाहता पहिल्याच्या खिशात त्यातलं काहीच राहत नाही.

पायरी ३: जोडीला येणारे खर्च मिळवा

नो-कॉस्ट म्हटलं तरी दोन खर्च बहुधा ग्राहकावरच येतात. पहिला, प्रोसेसिंग फी. क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर ती अनेकदा ९९ किंवा १९९ रुपयांसारखी ठरावीक असते, वर १८ टक्के जीएसटी. दुसरा खर्च लोकांच्या ध्यानातच येत नाही. क्रेडिट कार्डावरच्या व्याजाला १८ टक्के जीएसटी लागतो. विक्रेत्याने सवलत दिली ती व्याजापुरती, त्यावरच्या जीएसटीपुरती नव्हे. तो दर महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये थोडा थोडा येतो.

आपल्या उदाहरणात १,२७० रुपये व्याजावर जीएसटी झाला सुमारे २२९. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर जीएसटीसह २३५. म्हणजे वरून ४६४ रुपये. ‘बिनव्याजी’ योजनेत व्याजावर कर लागतो, यावरूनच कळतं की व्याज आहे.

फायनान्स कंपनीच्या कर्जावर, म्हणजे दुकानात टेबल टाकून बसलेला माणूस जे कर्ज करून देतो त्यावर, व्याजाला जीएसटी नसतो. पण तिथे फाइल चार्ज वेगळा असतो, आणि कागदपत्रांच्या ओघात एक्स्टेंडेड वॉरंटी किंवा विमाही जोडला जातो. सही करण्याआधी एकूण कर्जाची रक्कम आणि वस्तूचं बिल शेजारी ठेवून पाहा. कर्ज बिलापेक्षा जास्त निघालं तर मधे काय घातलंय ते विचारा. नको असेल ते काढून टाकायला सांगा.

तिथली आणखी एक पद्धत माहीत असू द्या. ‘आठ-दोन’ किंवा ‘दहा-दोन’ अशा योजनांत दुसरा आकडा आगाऊ हप्त्यांचा असतो. दहा हप्त्यांपैकी दोन तुम्ही पहिल्याच दिवशी देता. म्हणजे हातात आलेलं कर्ज आठच हप्त्यांचं असतं आणि ते आठ महिन्यांत फिटतं. सूट गमावून अशी योजना घेतली तर तीच गमावलेली सूट कमी रकमेवर, कमी काळासाठी पडते आणि खरा दर आणखी चढतो.

पायरी ४: फरक काढा आणि त्याचा वार्षिक दर करा

आता बेरीज. नो-कॉस्ट ईएमआयने एकूण गेले: हप्त्यांचे ३०,०००, जीएसटी २२९, फी २३५, मिळून ३०,४६४. एकरकमी भाव होता २८,५००. फरक १,९६४ रुपये. सहा महिने पैसे वापरायला मिळाले त्याची ही खरी किंमत.

रुपयांत पाहिलं की निर्णय निम्मा होतो. पण दुसऱ्या कर्जाशी तुलना करायची तर वार्षिक दर हवा. त्याची ढोबळ रीत अशी: फरकाला २४ने गुणा, मग एकरकमी भावाने भागा, मग हप्त्यांच्या संख्येत एक मिळवून त्याने भागा. आलेल्या उत्तराला १००ने गुणलं की टक्के.

१,९६४ गुणिले २४ म्हणजे ४७,१३६. त्याला २८,५०० गुणिले ७ म्हणजे १,९९,५०० ने भागलं की ०.२३६. म्हणजे वर्षाला साधारण साडेतेवीस टक्के. मूळ कार्डाचा ईएमआयचा दर १५ होता. ‘शून्य’ म्हणून घेतलेलं कर्ज उघड व्याजाच्या कर्जापेक्षा महाग पडलं.

हातात स्प्रेडशीट असेल तर दोन सूत्रं पुरेशी आहेत. पहिलं लपलेलं मुद्दल सांगतं, दुसरं खरा वार्षिक दर. दुसऱ्यात ५,०७७ हा आकडा ३०,४६४ला सहाने भागून आलेला आहे.

```
=PV(15%/12, 6, -5000)
=RATE(6, -5077, 28500)*12
```

पहिल्याचं उत्तर २८,७३०च्या आसपास येईल, दुसऱ्याचं ०.२३च्या किंचित वर. ढोबळ रीतीच्या उत्तरात आणि यात थोडा फरक राहतो, पण निर्णय बदलेल इतका नाही.

इथे मुदतीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती उलटी वाटते. तीच १,५००ची सूट गमावून तीन महिन्यांची योजना घेतली तर एकूण फरक सुमारे १,८६७ येतो, सहा महिन्यांपेक्षा थोडा कमी. पण वार्षिक दर ३९ टक्क्यांवर जातो. गमावलेली सूट ही पहिल्याच दिवशी गेलेली ठोक रक्कम आहे, आणि जितक्या कमी महिन्यांसाठी पैसे वापरले तितकी ती जास्त जड पडते. नऊ महिन्यांना फरक २,०५७ रुपये, पण दर सतराच्या आसपास. म्हणून ‘लवकर फेडून टाकू, म्हणजे काही जाणार नाही’ हा साधा विचार इथे लागू पडत नाही. तीनच महिन्यांची अडचण असेल तर १,८६७ रुपये द्यायचे की तीन महिने थांबायचं, असा सरळ प्रश्न स्वतःला विचारलेला बरा.

पायरी ५: व्याजाचा साधा ईएमआयही तपासा

हे जवळपास कुणीच करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फायदा इथेच आहे. नो-कॉस्टच्या यादीखाली साधा, व्याज लागणारा ईएमआय असतो. त्याला ‘स्टँडर्ड ईएमआय’ म्हणतात. नाव ऐकूनच लोक तो सोडून देतात. पण पुष्कळ सवलतींच्या नियमांत तो चालतो आणि इन्स्टंट डिस्काउंट त्यावर पूर्ण मिळतं.

आपल्या उदाहरणात तो घेतला तर काय होतं पाहा. भाव २८,५००. १५ टक्क्यांनी सहा हप्ते, प्रत्येकी ४,९६०. एकूण व्याज १,२६०, त्यावर जीएसटी २२७, फी तीच २३५. सगळं मिळून ३०,२२२ रुपये. नो-कॉस्टला लागले होते ३०,४६४. उघड व्याज लावणारी योजना बिनव्याजी योजनेपेक्षा २४२ रुपयांनी स्वस्त निघाली. हप्ताही महिन्याला ४० रुपयांनी कमी आहे.

रक्कम लहान आहे हे मान्य. पण लॅपटॉपवर किंवा मोठ्या टीव्हीवर सूट चार-पाच हजारांची असते, तिथे हाच फरक डोळ्यात भरतो. हिशोबाचा नियम सोपा आहे: गमावलेली सूट त्या मुदतीच्या व्याजापेक्षा जास्त असेल, तर नो-कॉस्ट घेणं तोट्याचं. आपल्याकडे १,५०० विरुद्ध १,२७० होतं. नऊ महिन्यांना मात्र १,५०० विरुद्ध १,७९२ होईल, आणि तिथे नो-कॉस्ट बरं पडेल. म्हणून मुदत ठरवल्याशिवाय ‘कोणतं चांगलं’ याचं उत्तर देता येत नाही.

नो-कॉस्ट कधी खरंच घ्यावं

एकरकमी भाव आणि हप्त्यांची बेरीज सारखी असेल तर. कंपनीची स्वतःची योजना असते, विशेषतः नवीन मॉडेलवर, तेव्हा असं आढळतं. मग तुम्हाला फक्त जीएसटी आणि फी, म्हणजे ४६४ रुपये पडतात. ३०,०००वर सहा महिन्यांसाठी हा दर वर्षाला साधारण सव्वापाच टक्के होतो. इतक्या स्वस्तात कर्ज सहसा मिळत नाही.

पैसे हाताशी आहेत, पण ते मुदत ठेवीत राहू द्यावेत आणि हप्ते भरावेत, असा विचार बरेच जण करतात. इथे तो जेमतेम खरा ठरतो. ३०,००० रुपये महिन्याला ५,००० काढत काढत सात टक्क्यांवर ठेवले तर सहा महिन्यांत सहाशेच्या आसपास व्याज येईल, त्यावरचा आयकर वेगळा. ४६४ खर्चून सहाशे मिळवायचे. पण १,५००ची सूट गमावून हे करणं म्हणजे निव्वळ तोटा. शिवाय ईएमआयवर घेतलेल्या खरेदीला अनेक कार्डांवर रिवॉर्ड पॉइंट मिळत नाहीत. तुम्ही पॉइंट खरंच वापरत असाल तर तेही गमावलेल्या सुटीत धरा.

कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, आणि क्रेडिट कार्डाच्या अशा योजनांत व्याज बहुधा प्रोसेसिंग फीच्या रूपात लपवून घेतलं जातं. त्यानंतर योजनांचं रूप बदललं आणि सवलतीतून व्याज वळतं करण्याची आजची पद्धत रुळली. २०२२ च्या क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबतच्या निर्देशांत नियम आणखी स्पष्ट झाला. खरेदीचं ईएमआयमध्ये रूपांतर करण्यापूर्वी कार्ड देणाऱ्याने मुद्दल, व्याज आणि नो-कॉस्ट करण्यासाठी दिलेली सवलत हे तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवायचे. स्टेटमेंटमध्येही ते वेगळे यायला हवेत. व्याज असलेला हप्ता शून्य व्याजाचा म्हणून झाकून दाखवता येणार नाही.

दुकानात फायनान्स कंपनीचं कर्ज घेत असाल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जांना मुख्य तथ्य विवरण, म्हणजे ‘केएफएस’ द्यावंच लागतं. त्यात व्याज आणि सगळे शुल्क धरून वार्षिक दर, ‘एपीआर’, लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो मागा. क्रेडिट कार्डाची येणी मात्र या विवरणाच्या नियमातून वगळलेली आहेत, त्यामुळे कार्डाच्या ईएमआयला ते मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

पण एवढं सगळं असूनही एक आकडा कोणत्याच कागदावर येत नाही: तुम्हाला न मिळालेली सूट. बँक तिच्या कर्जाचा हिशोब देते. विक्रेत्याने दुसऱ्या ग्राहकाला काय भाव लावला, याच्याशी तिचा संबंध नसतो. केएफएसवर एपीआर शून्य किंवा अगदी थोडा दिसेल, आणि बँकेच्या बाजूने ते बरोबरच असेल. म्हणून पायरी १ दुसरं कुणी तुमच्यासाठी करणार नाही.

खरेदीनंतर स्टेटमेंट असं वाचा

पहिल्या स्टेटमेंटमध्ये आधी पूर्ण रक्कम खर्च म्हणून दिसते, मग ती वळती होते आणि हप्त्याच्या ओळी येतात. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, जीएसटी वेगळा. आपल्या उदाहरणात पहिल्या महिन्याचं व्याज ३५९ रुपये, त्यावर जीएसटी ६५ रुपये. शेवटच्या महिन्यात व्याज ६२ आणि जीएसटी ११. व्याजाची ओळ पाहून घाबरू नका, ती यायचीच. पाहायचं ते हे की मुद्दल किती धरलंय. २८,७३० असेल तर सवलत आधीच वजा झाली आहे आणि हिशोब बरोबर आहे. ३०,००० असेल तर थांबा.

३०,००० मुद्दल असण्याचे दोन अर्थ होतात. एक, सवलत कॅशबॅकच्या रूपात नंतर येणार आहे. मग ती कधी आणि कुठे येणार हे योजनेच्या अटींत वाचा आणि तारीख लिहून ठेवा, कारण कॅशबॅक आला नाही तर पूर्ण व्याज तुमच्यावर पडतं. दोन, चुकून साधा ईएमआय लागला आहे. वेबसाइटवर ईएमआय न निवडता पूर्ण पैसे भरले आणि नंतर बँकेच्या अॅपमधून खरेदी हप्त्यांत बदलली, की हेच होतं. अॅपमधला ईएमआय बँकेचा स्वतःचा असतो, विक्रेत्याची नो-कॉस्ट सवलत त्याला लागत नाही.

वस्तू परत करायची वेळ आली तर आणखी सांभाळा. विक्रेता पैसे परत करतो, ते कार्डावर जमा होतात, पण ईएमआय प्रत्येक वेळी आपोआप बंद होत नाही. बँकेला फोन करून किंवा अॅपमधून तो रद्द करायला सांगावं लागतं, नाहीतर जमा रक्कम बाजूला पडून राहते आणि हप्ते चालूच राहतात. प्रोसेसिंग फी आणि तोवर लागलेला जीएसटी बहुधा परत मिळत नाही. मुदतीआधी कर्ज मिटवायचं असेल तर बंद करण्याचं शुल्क आधी विचारा. अनेक बँका उरलेल्या मुद्दलाच्या काही टक्के घेतात, वर जीएसटी. शेवटच्या एक-दोन महिन्यांत उरलेलं व्याजच इतकं थोडं असतं की हे शुल्क त्याहून जास्त निघतं.

चूक सापडली तर

खरेदीच्या वेळी ईएमआयच्या तपशिलाचा आणि एकरकमी भावाच्या पानाचा, दोन्हींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. नंतर ती पानं तशीच दिसतील याची खात्री नसते. दुकानातली खरेदी असेल तर बिल, कर्जाचा करार आणि केएफएस एकत्र ठेवा.

तक्रार आधी बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी करा आणि तिचा क्रमांक घ्या. तक्रारीत भावना नको, तीन आकडे लिहा: खरेदीच्या वेळी दाखवलेलं मुद्दल, व्याज आणि सवलत, आणि त्यांच्यासमोर स्टेटमेंटमध्ये लागलेले आकडे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तिला शुल्क नाही. विक्रेत्याने जाहीर केलेली सवलत दिली नाही, असा वाद असेल तर तो बँकेचा विषय नाही. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.